अम्मांचं नाक

पाहुणे तासाभरात यायचे होते. अवियलच्या भाज्या शिजत आल्या होत्या, त्यात खोबऱ्याचं वाटण तेवढं घालायचं होतं, पण जलजाचा जीव फ्रीजरमध्ये अडकला होता. मागच्या आठवड्यात वादळामुळे दोन दिवस वीज नव्हती. खवलेल्या खोबऱ्याच्या लाद्या एरवी बोटाने मोडायच्या. आता त्यांचा बर्फाळ गोळा झाला होता.

तिने थोडं खोबरं वितळवून पाहिलं. पिवळसर रंग, साबणासारखा वास, जिभेवर कडवट.

"अम्मा, हे खवट झालंय."

सासूबाईंनी खोबऱ्याची पिशवी हिसकावून हुंगली. या घरात नारळाचा निकाल चाळीस वर्षं त्यांचंच नाक देत आलं होतं.

"कसलं खवट? तुझ्या माहेरी टाकत असतील. वाटायला घे."

जलजा चिडून अंगणात गेली आणि लगेच परत फिरली. करपल्याचा वास दारापर्यंत आला होता. पायसमचं दूध तळाला लागलं होतं आणि अम्मा पातेल्याशेजारी उभ्या राहून पिशवीच हुंगत होत्या, पुन्हा पुन्हा.

तिने गॅस बंद केला. "कधीपासून, अम्मा?"

"मागे ताप आला ना, तेव्हापासून वासच येत नाही. कुणाला सांगू नकोस."

जलजाने फ्रीजरमधून चटणीसाठी काल ठेवलेले खोबऱ्याचे तुकडे काढले. पांढरे, सुटे सुटे. हुंगून, चाखून तिने अम्मांकडे बघून होकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात नणंद आत आली. अम्मांनी खवट पिशवी ओट्यावर आपटली.

"मघापासून सांगतेय हिला, हे खोबरं खवट झालंय म्हणून."

"चुकलंच माझं," म्हणत जलजाने तुकडे मिक्सरमध्ये टाकले.