पेजही पाण्यातच धरायची

माझा मामा दिनानाथ पनवेलच्या हॉस्पिटलातून गडब गावी आपल्या घरी आला, तेव्हा त्याच्याबरोबर औषधांची एक पिशवी आली आणि नऊ पानांचा डिस्चार्जचा कागद आला. पिशवी मामीने देवाच्या फळीवर ठेवली. कागद मामेभाऊ हर्षदने मोबाईलवर फोटो काढून मला पाठवला. दोन पानं उलटी, एक वाकडं, आणि सगळ्यात महत्त्वाच्या पानावर याचा अंगठा आलेला. खाली निरोप: ‘रोहिणीताय, काय लिवलाय ते सांग.’

मी पेणला एका हॉस्पिटलात नर्स आहे, रामवाडीला राहते. घरी जाणाऱ्या पेशंटच्या माणसांना कागद समजावून सांगणं हे माझं रोजचंच काम. माझ्या वॉर्डातला पेशंट गोळ्यांची अदलाबदल करून परत आलाय असं होत नाही, हे मी जरा नाक वर करूनच सांगते. तेव्हा मामाचा कागद फोनवर सांगून भागणार नव्हतं. सुट्टीच्या दिवशी वडखळवरून गाडी पकडली आणि गडबला उतरले.

हर्षद रोह्याला कंपनीत आहे. शिफ्ट सांभाळून तोही आला होता. मामा खाटेवर पाठीला उश्या लावून राजासारखा बसला होता. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. मामाचं हृदय थकलंय, पंप करायची ताकद कमी झालीय. त्यामुळे पाणी पुढे जात नाही, पायात उतरतं, छातीत साचतं, आणि मग आडवं झालं की दम लागतो. म्हणून ही सकाळची गोळी, ती लघवीवाटे पाणी काढते. ती रात्री द्यायची नाही, नाहीतर रात्रभर मोरीच्या वाऱ्या. ही दुसरी गोळी हृदयाचा भार कमी करते. गुडघा दुखला म्हणून दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी अजिबात नाही, ती पाणी धरून ठेवते. मीठ कमी, लोणचं, पापड, सुकट बंद. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं की कागदावरच्या नंबरवर फोन करायचा, कारण एवढ्यात माणसाला चरबी चढत नाही, पाणी चढतं. आणि दिवसभरात पाणी दीड लिटर.

सुकट बंद म्हटल्यावर मामाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याची जमीन लिहून घेतली. बाकी सगळ्याला त्याने मान डोलावली. हर्षदने तिथल्या तिथे दीड लिटरची बाटली धुऊन भरली. मी निघाले तेव्हा मामी दारापर्यंत आली.

“रोहिणी, परत न्यायला लागेल काय गो ह्यांना?” तिने हळूच विचारलं. “तिथं रात्री बसून झोपायचे हे. माझ्यानं ते परत बघवणार नाय.”

मी म्हटलं, मामी, कागदाप्रमाणे चाललीस तर नाही न्यावं लागणार. मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

त्याच आठवड्यात हर्षदचा फोन आला. मामाचं वजन अडीच किलोने वाढलं होतं, पाय टम्म सुजले होते आणि झोपायला परत तीन उश्या लागत होत्या. हर्षदने निकालही देऊन टाकला होता: “बाबा चोरून पाणी पितायत. दुसरं काय असणार?”

मलाही तेच वाटलं. मामाची ख्याती तशीच आहे. लहानपणी आमच्या वाटणीचे आंबे कोण खायचं, हे सगळ्या गडबला माहीत आहे. ड्यूटी संपताच मी तिकडे धावले आणि सगळा राग वाटेतच उकळून घेतला.

आधी मामाला नीट पाहिलं. बसल्या जागी दम लागत नव्हता, बोलताना वाक्य तुटत नव्हतं. तेवढं पाहून मी तोफ डागली. मामाने देवाकडे हात केला. बाटलीपलीकडे पाण्याचा थेंब घेतला असेल तर जीभ झडो, म्हणाला. मामीनेही त्याची बाजू घेतली. तिने माठावर झाकण घालून वर वरवंटा ठेवला होता, आणि तो उचलायची मामाच्या अंगात सध्या ताकद नव्हती.

वॉर्डात आम्ही एक करतो. आपण सांगितलेलं समोरच्याकडून परत वदवून घेतो. परक्यांना न चुकता विचारते. घरच्यांना विचारायचं मात्र राहून गेलं होतं. ते मी आता विचारलं. म्हटलं, मामी, काल सकाळपासून मामाच्या पोटात काय काय गेलं ते सांग. रागावणार नाही.

“पाणी बाटलीतलंच. तुझी शप्पथ,” मामी म्हणाली. “सकाळी उठल्यावर पेज. गोळ्या घेतात ना, पोटात आधार नको? दुपारी भात थोडाच जातो, म्हणून परत पेज. संध्याकाळी एक वाटी. आजारी माणसाला पेज नाय द्यायची तर काय द्यायचं गो?”

“आणि चहा?”

चहा तर झालाच. मामाला बघायला अख्खा गाव लोटला होता. येईल त्याच्यासाठी चहा टाकायचा, आणि पाहुणा पितोय आणि यजमान कोरडा बसलाय हे गडबला शोभत नाही, म्हणून अर्धा कप मामालाही. पाहुणेही रिकाम्या हाताने येत नव्हते. पडवीत शहाळ्यांचा ढीग पडला होता. काल शेजारच्या जनूकाकाने स्वतः कोयत्याने दोन सोलून दिली होती, ताकदीची म्हणून, आणि समोर बसून प्यायला लावली होती.

मी कागद परत काढला. कागदावर इंग्रजीत ‘सगळे द्रवपदार्थ मिळून’ असं लिहिलं होतं. मी ते घाईत ‘पाणी’ करून टाकलं होतं आणि मामीने माझा शब्द तंतोतंत पाळला होता. तिच्या लेखी पेज हे अन्न, चहा हा मान आणि शहाळं हे औषध. यातलं पाणी कुठलं?

पण हे असं तोंडाने सांगून उतरलं नसतं. मी हर्षदला मोठा टोप आणायला लावला. मामी ज्या वाटीने पेज द्यायची तीच मी घेतली, माठातून भरून टोपात ओतली: सकाळची पेज. मामी दोन वाट्या म्हणाली, आणखी एक ओतली. दुपारची. संध्याकाळची. मग चहाचा कप, अर्धा अर्धा करत, पाहुण्यांची नावं घेत. नावं मामा सांगत होता, आणि आपल्यावरचा चोरीचा आळ गेला म्हणून इतका खूश होता की न आलेल्या माणसांचीही घ्यायला लागला. हर्षदने त्याला आवरलं. शहाळ्यांचे दोन मोठे पेले. शेवटी अख्खी बाटली उपडी केली. पाणी टोपाच्या काठाशी आलं.

 मामी टोपाकडे बघत राहिली.

“एवढं? एका माणसाच्या छातीवर?” ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. “मी पाजलं गो. माझ्याच हातानं पाजत होते.”

मला इतकं वाईट वाटलं की राग कुठे गेला कळलं नाही. मी तिला जवळ घेतलं आणि सरळ सांगितलं की चूक तिची नाही, माझी. मला सांगायला हवं होतं की जे पातळ आहे, ओततं, वाटीत हलतं, ते सगळं पाण्यातच धरायचं. पेज, कढी, सार, आमटीचं पाणी, चहा, ताक, सगळं. हर्षद चक्क सॉरी म्हणाला बापाला. तो शब्द त्या घरात पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण मामाने मला विचारलं, हा बरा आहे ना.

तिथूनच मी हॉस्पिटलच्या नंबरवर फोन लावला. डॉक्टरांनी शहाळं ताबडतोब बंद करायला सांगितलं. त्यातल्या पोटॅशियमचा आणि मामाच्या गोळ्यांचा मेळ बसत नाही, ते रक्तात वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. त्याच दिवशी पेणला रक्त तपासून घ्यायला लावलं. रिपोर्ट पाहून लघवीची गोळी दोन दिवस वाढवून दिली, आणि बसल्या जागी दम लागला तर कुठेही न थांबता घेऊन या म्हणाले. पोटॅशियम काठावर होतं, पण काठाच्या अलीकडे. घरी राहता यावं म्हणून हर्षदने रोह्याला फोन करून शिफ्ट बदलून घेतली.

निघण्याआधी मी मामीला एकच गोष्ट शिकवली. रोज सकाळी दीड लिटर पाणी एका कळशीत मोजून घ्यायचं, पण ते फक्त मोजायला. मामाला चहा दिला की तेवढं पाणी कळशीतून काढून तुळशीला घालायचं. सार दिलं की तेवढं काढायचं. कळशी रिकामी, मामाचा दिवस संपला. घसा सुकला तर चूळ भरायची, लिंबाची फोड चोखायची. हे ऐकून मामीने डोळे पुसले. कळशीचं तिला पटलं. आणि पेज? तिने विचारलं नाही. पेजेचा टोप तिने घासून उपडा घातला, तो मी पाहिला.

पुढचे दिवस हर्षदकडून वजनाचे आकडे येत राहिले, रोज थोडे खाली. सुट्टी मिळाली तशी मी दुपारची गडबला पोचले. मामाचे घोटे दिसायला लागले होते. पडवीत जनूकाका बसला होता आणि मामी त्याला नऊ पानांचा कागद तोंडपाठ सांगत होती. म्हणत होती, “ह्यांचं हृदय म्हणजे जुनी मोटर हाय. विहीर भरून ठेवली तर उपसता उपसता ती जळेल. त्याला पाणी नको, आराम हवा.” मग तिने त्यानेच आणलेलं शहाळं त्याच्याच हातात दिलं आणि समोर बसून संपवायला लावलं. मी नऊ वर्षं नर्स आहे, पण मोटर मला सुचली नव्हती.

चहा आला. मामाने घेतला नाही. सकाळचाही घेतला नव्हता, सार पण नको म्हणाला होता. कळशी अर्ध्याच्या वर भरलेली होती. मला काळजी वाटली; म्हटलं, मामा, अगदी कोरडं राहायचं नाही, दिलंय तेवढं घ्यायचं.

“घेणार ना,” मामा म्हणाला. “सकाळपासून जमवतोय.” आणि आत आवाज दिला, “शांते, पेज टाक.”

मामी दारात आली आणि तिथेच थांबली. त्या टोपाच्या दिवसापासून तिने चुलीवर पेज चढवलीच नव्हती. स्वतःसाठीसुद्धा नाही. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, टाक, मीठ घालू नको. कागदात पेज बंद कुठेच लिहिलेली नाही मामी, मोजायची एवढंच आहे.

पेज आली. मामीने आधी कळशीतून दोन वाट्या पाणी काढून तुळशीला घातलं. मग मामाच्या पुढ्यात दोन वाट्या पेज ठेवली. मामाने त्यातली एक उचलून तिच्यासमोर सरकवली.

“ही माझ्या वाट्यातली हाय,” तो म्हणाला. “बस. एकट्याला गोड लागत नाय.”

मामी बसली. अळणी पेज होती, तोंडी लावायला काही नव्हतं, आणि दोघांनी वाटी निपटून खाल्ली. मग मामी उठली, आपण खाल्लेली ती वाटी पाण्याने भरली आणि बिनबोभाट कळशीत परत ओतली.