तीन मजली जोडाक्षर

माझ्या लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा बाबांनी लाल पेनाने खुणा केल्या होत्या, त्याही पत्रिका वाटून झाल्यावर. सासरच्या मंडळींसमोर त्यांनी शांतपणे सांगितलं की दोन चुका राहिल्यात. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. छापखान्यात बत्तीस वर्षं प्रुफं तपासलेला माणूस तो. चूक दिसली की दाखवून दिल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही.

निवृत्तीनंतर त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं, वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीतला शब्दशोध. चौकोनांची जाळी आणि तिच्यात आडवे, उभे, तिरके, उलटे लपवलेले बारा शब्द. आई गेल्यावर त्या कोड्यानेच बाबांना उभं ठेवलं. सोमवारी शब्द निवडायचे, मंगळवारी आलेखाच्या वहीत बसवायचे, बुधवारी रिकामी घरं भरायची, गुरुवारी तपासायचं, शुक्रवारी स्वतः जाऊन द्यायचं. शनिवारी काम नसायचं, म्हणून शनिवारी घरात सगळ्यांवर चिडायचं.

मग वर्तमानपत्राला वाटलं, हा खेळ फोनवर आणावा, आणि कागदावरचाही मशीननेच करावा. काम आमच्या सॉफ्टवेअर कंपनीकडे आलं आणि साहेबांनी ते माझ्या टेबलावर टाकलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी.

आधी कुणीतरी एक नमुना करून ठेवला होता. मी तो बाबांना दाखवला तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मशीनच्या लेखी काना, मात्रा, अक्षराचा पाय मोडणारा हलन्त हे सगळे वेगवेगळे तुकडे असतात. त्यामुळे ‘किल्ला’ हा शब्द सहा घरांत पसरला होता. एका घरात नुसती वेलांटी, एकात नुसता काना, जणू भांडून वेगळे राहायला गेलेले भाऊ. उलटा लिहिलेला शब्द तर वाचताच येत नव्हता, कारण तुकडेच उलटे लावले होते. बाबा म्हणाले, याला माझी जागा घ्यायला सात जन्म लागतील. मीही हसले. पुढे तो नमुना मलाच दुरुस्त करायचा होता, हे दोघांनाही माहीत होतं.

मी मशीनला आधी शब्दाची अक्षरं पाडायला शिकवलं. व्यंजनाबरोबर त्याची मात्रा आणि अनुस्वार जाईल, हलन्त आला तर पुढचं व्यंजनही त्याच घरात येईल. ‘किल्ला’ दोन घरांत बसला. उलटा करताना अक्षरंच्या अक्षरं उलटी करायची, आतले तुकडे हलवायचे नाहीत. इथवर माझं मला जमलं. पण रिकामी घरं भरली आणि जाळी पोरखेळ झाली. मी तिथे साधी अक्षरं टाकली होती, क, म, ट. त्यामुळे जिथे जोडाक्षर दिसेल तिथे शब्द, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

बाबांनी कपाटातून पत्र्याचा डबा काढला. त्यात चिठ्ठ्या होत्या. दर आठवड्याला बारा शब्दांची अक्षरं सुटी करून ते डब्यात टाकत आणि त्यातूनच हाताला येईल ती उचलून रिकामी घरं भरत. शब्दांमध्ये जेवढ्या मात्रा आणि जेवढी जोडाक्षरं, तेवढ्याच प्रमाणात भरतीतही. म्हणाले, चोर लपवायचा तर गर्दीही चोरांचीच हवी. इतक्या वर्षांची ही युक्ती त्यांनी मला चहा गार व्हायच्या आत सांगून टाकली. त्यांच्या डोळ्यांत एवढी चमक मी आई गेल्यापासून पाहिली नव्हती, आणि मला माझीच लाज वाटली.

कारण तोवर पुरवणीच्या संपादकबाईंचा निरोप आला होता. मशीनची जाळी तपासून द्यायला जाणकार म्हणून त्यांनी बाबांनाच नेमलं होतं. बाबांनी ती पास केली की पुढच्या महिन्यापासून हाताने केलेलं कोडं बंद. ज्याला काढायचं त्याच्याकडूनच सही घ्यायची.

मग मी एक गोष्ट केली. नियमात मी एकच हलन्त चालू दिला. दोन व्यंजनांचं जोडाक्षर नीट बसायचं, तीन व्यंजनांचं तुटायचं. ‘राष्ट्र’ दोन घरांऐवजी तीन घरांत जायचा, मधल्या घरात ‘ष्ट्’ लंगडत उभा. असे शब्द कमी. कंपनीच्या चाचणीत ते येऊ नयेत याची काळजी मीच घेतली. माझा हिशेब सरळ होता. बाबांनी पास करावं, खेळ लोकांपुढे जावा, तक्रारी याव्यात, आणि संपादकबाईंनी कान धरून पुन्हा बाबांना बोलवावं. शिव्या मला बसल्या असत्या. चालल्या असत्या.

बाबांनी तपासणीसाठी मी दिलेली शब्दांची यादी बाजूला सारली आणि स्वतःच्या वहीतून शब्द दिले. पहिलाच ‘लक्ष्मी’, दुसरा ‘स्वातंत्र्य’. स्वयंपाकघरातल्या टेबलावर छापील जाळी पसरून त्यांनी चष्मा लावला, आणि मिनिटाभरात लाल पेन खाली टेकलं.

“तीन मजली जोडाक्षरं तुझ्या मशीनला झेपत नाहीत,” ते म्हणाले. “एवढी ढिलाई? हे साहेबाच्या हाती गेलं असतं तर तुझी काय शोभा राहिली असती?”

ते अहवाल लिहायला लागले. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

“बाबा, हे लिहू नका. ते मी मुद्दाम ठेवलंय. खेळ फसला तर तुमचं कोडं चालू राहील.”

मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“म्हणजे तुला चूक ठाऊक होती, आणि ती तू छापायला देणार होतीस,” ते हळू आवाजात म्हणाले. “माझ्या नावाखाली.”

मी म्हटलं, तुमच्यासाठीच. ते म्हणाले, माझ्यासाठी काही करायचं असेल तर आत्ता, माझ्यासमोर दुरुस्त कर.

दुरुस्ती एका ओळीची होती. एका हलन्ताऐवजी असतील तेवढे. मी तिथेच लॅपटॉप उघडला, ओळ बदलली, नवी जाळी छापली. ‘लक्ष्मी’ दोन घरांत बसली, ‘स्वातंत्र्य’ तीन घरांत. बाबांनी एकेक घर बोट ठेवून तपासलं, उलटे शब्दही, भरतीही. मी मनातून एक तरी चूक निघावी म्हणून जीव मुठीत धरून बसले होते. जन्मात पहिल्यांदा.

शेवटी त्यांनी कागदाच्या डोक्यावर लाल पेनाने लिहिलं, ‘बिनचूक’. खाली सही केली. शाळेतल्या निबंधापासून लग्नपत्रिकेपर्यंत माझ्या कुठल्याच कागदाला हा शब्द मिळाला नव्हता. लहानपणी त्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं. त्या दिवशी तो कागद फाडून टाकावासा वाटला, पण तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

पुढच्या महिन्यात कोडं बंद झालं. आता आठवड्याचे सगळेच दिवस शनिवार आहेत, फक्त ते चिडत नाहीत. तेच मला सहन होत नाही.

काल वर्तमानपत्राकडून आभाराचं पत्र आलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. चार ओळींचं पत्र आणि पहिल्याच ओळीत चूक, ढळढळीत, मलाही लांबून दिसली. त्यांच्या खिशाला लाल पेन होतं. मी वाट बघत उभी राहिले. बाबांनी पत्र पुन्हा एकदा वाचलं, घडी घातली, चिठ्ठ्यांच्या डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

“चांगलं लिहिलंय,” ते म्हणाले.