घरच्यांनी काढलं

पुण्याच्या विद्यापीठाचं उत्तर आलं तेव्हा संजीवनी बदलापूरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. मेल तीनच ओळींचा होता. बी.एस्सी.च्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्ये जे एक वर्ष रिकामं दिसतं त्याचं कारण स्पष्ट नाही. प्रतिज्ञापत्रात त्या काळात नोकरी केली नाही असं म्हटलंय, तर बायोडेटात लॅबमधलं काम दाखवलंय. शुक्रवारपर्यंत खुलासा आणि दुरुस्त प्रतिज्ञापत्र न आल्यास एम.एस्सी.चा अर्ज बाद समजावा.

सूक्ष्मजीवशास्त्रासाठी तिनं हा एकच अर्ज केला होता, आणि तो असा वाया जाणार होता. तेही आबांनी आणलेल्या एका कागदापायी.

आबा म्हणजे तिचे वडील धर्मराज. कुळगावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. गॅप सर्टिफिकेट, म्हणजे खंड पडलेल्या वर्षाचं प्रतिज्ञापत्र, लागतं म्हटल्यावर त्यांनी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे उल्हासनगरला कोर्टाजवळच्या मधुशेठच्या टायपिंगच्या दुकानातून तयार मजकूर आणला होता. 'कौटुंबिक अडचणीमुळे शिक्षण खंडित झाले. सदर काळात मी कोठेही प्रवेश घेतला नाही, नोकरी केली नाही, कोणत्याही गैरकृत्यात सहभागी नव्हते.' निम्मा तालुका हाच मजकूर शपथेवर सांगतो. संजीवनीनंही न वाचता सही ठोकली होती. सगळेच करतात म्हटल्यावर कोण वाचतंय?

रात्री तिनं खुलासा लिहायला घेतला. आधी लिहिलं, 'वैयक्तिक कारणास्तव.' वाचून तिलाच हसू आलं. मग राग आला आणि तिनं पानभर लिहिलं, की हुशार असूनही तिला शिकू दिलं नाही, तिची यात काही चूक नव्हती, गुण बघा, हजेरी बघा. सकाळी कॉलेजात जाऊन ते पान तिनं राजसी मॅडमच्या हातात दिलं. मॅडमनीच तिची शिफारस लिहिली होती.

मॅडमनी पान शेवटपर्यंत वाचलं. "हे वाचून मला वाटतं, कोणीतरी तुझ्यावर आरोप केलाय. तसं कोणी केलेलं नाही गं. त्यांना फक्त कळायला हवंय."

"मग काय लिहू?"

"काय झालं, त्या वर्षात काय केलंस, आता अडचण उरलीय का. एवढंच. कोणाला दोष देऊ नकोस. आणि कोणाला पाठीशीही घालू नकोस."

शेवटचं बोलणं संजीवनीला टोचलं, कारण झालं होतं ते असं. पहिलं वर्ष संपल्यावर घरातल्या घरात तिचा साखरपुडा झाला. मुलाकडच्यांना जास्त शिकलेली सून नको होती, म्हणून आबांनी तिला कॉलेजातून काढलं. सहा महिन्यांनी तिनं लग्नाला नकार दिला, नातं मोडलं, आणि उरलेले सहा महिने ती लॅबमध्ये नमुने गोळा करायला जात होती. मग फी भरून पुन्हा वर्गात बसली. त्यानंतर ना मोडलेल्या साखरपुड्याचा घरात कोणी उच्चार केला, ना कॉलेज सुटल्याचा. आता धाकट्या सोनियाचं जमत होतं, आणि त्या पाहुण्यांना थोरलीचं मोडलंय हे ठाऊक नव्हतं. रविवारी ते यायचे होते.

तिनं तिथेच बसून सहा वाक्यं लिहिली. 'माझे लग्न ठरल्यामुळे घरच्यांनी मला कॉलेजातून काढले. ते लग्न मी मोडले. त्यानंतर सहा महिने मी बदलापूरच्या लॅबमध्ये नमुने गोळा करण्याचे काम केले. या विषयाकडे वळायचे मी तिथेच ठरवले. पुढच्या वर्षी मी पुन्हा प्रवेश घेतला आणि सलग दोन वर्षांत पदवी पूर्ण केली. आता शिक्षण थांबवणारी कोणतीही अडचण नाही.'

मॅडमनी 'घरच्यांनी' या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. "घरचे म्हणजे कोण?"

संजीवनीनं कागदाची घडी घातली आणि ती उठली.

गुरुवारी ती मधुशेठच्या दुकानात गेली. आबा सोबत आलेच, आणि आबांसोबत दौलतराव. दौलतराव म्हणजे आबांचे चुलत मेहुणे, कोर्टात चार ओळखी असलेले, आणि सोनियाचं स्थळ आणणारेही तेच. त्यांना बघून कागद घडीतच राहू द्यावा, असं संजीवनीला वाटलं.

"अरे बेटा, फॉर्मॅट तो वही चलता है," मधुशेठ म्हणाला. "नोकरीवाली लाइन काढतो, बाकी राहू दे. मेडिकल टाकू का? कावीळ सगळीकडे चालते."

"चालेल की," दौलतराव म्हणाले. "आजारपणाला कोण नाही म्हणतंय."

"मला कावीळ झाली नव्हती," संजीवनी म्हणाली आणि कागद पुढे केला.

मधुशेठनं टाइप केलं. टाइप झालं की मोठ्यानं वाचून दाखवायची त्याची पद्धत होती. नंतर चूक निघाली तर स्टॅम्प पेपर वाया जातो म्हणून. त्यानं सरळ आवाजात वाचायला सुरुवात केली आणि संजीवनी जमिनीकडे बघत राहिली. 'माझे लग्न ठरल्यामुळे घरच्यांनी मला...' दौलतराव हातातल्या मोबाईलवरून मान वर करून ऐकू लागले. 'ते लग्न मी मोडले' हे आलं तेव्हा तर ते आबांकडेच बघत होते. इतकी लाज तिला साखरपुडा मोडताना वाटली नव्हती.

"धर्मराज, हे तू मला बोलला नाहीस," दौलतराव म्हणाले. "आता मी त्या लोकांना काय तोंड दाखवू? बदल की हे. पोर काय, आजारी होती म्हणेल."

आबा मधुशेठकडे वळून म्हणाले, "घरच्यांनी नाय. तिची आई तर रडत होती नको म्हणून. वडिलांनी काढलं, असं लिवा."

मधुशेठनं संजीवनीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. त्यानं दुरुस्ती करून प्रिंट काढली. दौलतराव चहा घेऊन येतो म्हणून उठले.

नोटरीसमोर आधार कार्ड दाखवून संजीवनीनं सही केली. "माझी कुठं करू?" आबांनी विचारलं.

"तुमची लागत नाही," नोटरी म्हणाले. "कागद मुलीचा आहे."

आबांनी खिशातून काढलेलं पेन काही क्षण तसंच हातात धरलं आणि परत खिशाला लावलं.

बाहेर आले तर दौलतरावांची मोटारसायकल जागेवर नव्हती. रविवारी आता सोनियाचे पाहुणे येणार नाहीत, हे दोघांनाही कळलं. संजीवनीला आतून हलकं वाटायला हवं होतं. तिला सोनियाचा चेहरा दिसत होता.

रिक्षाची वाट बघताना आबांनी विचारलं, "बाय, विद्यापीठवाले मुलाखत घेतील ना? विचारतील, बापानं का काढलं?"

"विचारतील."

"मग काय सांगशील?"

राजसी मॅडमच्या तीन प्रश्नांची उत्तरं तिला आता तोंडपाठ होती. हा त्यांत नव्हता.

"मला माहीत नाही, आबा," ती म्हणाली. "मुलाकडच्यांचं तुम्ही का ऐकलंत, ते मला कधी सांगितलंच नाही."

रिक्षा आली. आबांनी तिला आधी बसू दिलं, मग स्वतः बसले. अंबरनाथ मागे पडल्यावर ते म्हणाले, "तुझा साखरपुडा ठरला ना, त्याच्या आदल्या रात्री..." आणि सांगू लागले.