भोकं नसलेला कागद

सातवीचे रचनांचे कागद तपासायची माझी एक रीत होती. आधी पायऱ्या वाचायच्या नाहीत. कागद खिडकीशी उजेडात धरायचा आणि कंपासच्या टोकाची भोकं शोधायची. जिथून कंस काढला तिथे भोक हवंच. भोक नसेल तर पोरानं कोनमापकानं कोन मोजून रेघ ओढली आहे, नाहीतर कुणाच्या तरी कागदावर कागद ठेवून गिरवलं आहे. बारा वर्षांत ही रीत मला कधी चुकल्यासारखी वाटली नव्हती. शिक्षकांच्या खोलीत मी ती मिरवायचेसुद्धा.

आमची शाळा मासवणच्या बाजूला. मी राहते बोईसरला, रोज पालघरवरून जाते-येते. फेब्रुवारीत मी मुलांना एक कृतिपत्रिका घरी करायला दिली. तीन रचना होत्या: रेषाखंडाचा लंबदुभाजक, रेषेबाहेरच्या बिंदूतून रेषेवर लंब, आणि कोनदुभाजक. पुढच्या बाजूला पायऱ्या लिहायच्या, आकृत्या मागे काढायच्या. वर मीच ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘पायऱ्या अशा लिहा की आकृती न पाहता दुसऱ्याला ती काढता यावी.’

चिमीचा कागद उजेडात धरला आणि एकही भोक दिसलं नाही. कंस मात्र होते, चांगले गोल.

चिमी म्हणजे मागच्या बाकावरची, कामाशिवाय तोंड न उघडणारी पोरगी. आईबाप दिवाळीनंतर बेटेगावच्या वीटभट्टीवर गेलेले, ही शाळेसाठी मामाकडे राहिलेली. मी तिला उभं केलं.

“कंपास कुठाय तुझा?”

“नाय बाई.”

“मग हे कंस काय आभाळातून पडले?”

वर्ग खो खो हसला. हसवलं की मला आणखी चेव येतो, हा माझा जुना रोग. मी कागद सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. “बघा. गिरवताना भोकं गिरवायची राहिली बाईसाहेबांची.” मग मागच्या बाजूला, आकृत्यांवरच, लाल पेनानं ‘नक्कल’ लिहिलं आणि खाली भलंमोठं शून्य काढलं. चिमी काहीतरी बोलायला गेली. मी म्हटलं, “बस खाली.” ती बसली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी तिच्या बाकावरचा विपुल म्हणाला, “बाई, ती भट्टीवर गेली आईकडं. आता येनार नाय बोलली.” वार्षिक परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती. एकदा भट्टीवर गेलेली सातवीची पोरगी आठवीत दिसत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी मनाशी म्हटलं, चोरी पकडली म्हणून पळाली.

त्या शनिवारी पालघरला तालुक्यातल्या गणित शिक्षकांची बैठक होती. येताना रचनांचे तपासलेले कागद आणा, असा निरोप होता. मी गठ्ठा नेला. माझ्या वर्गातल्या अपेक्षा या मुलीचा सुबक कागद सगळ्यात वर ठेवला, चिमीचा तळाला.

बैठक हिमानी मॅडम घेत होत्या. वयानं माझ्याहून लहान, आवाज शांत. त्या म्हणाल्या, “एकानं फक्त पायऱ्या वाचायच्या. मी फळ्यावर जे ऐकेन तेवढंच करणार. स्वतःचं डोकं वापरणार नाही.”

पहिला कागद पाम गावच्या शाळेतल्या कमलेश सरांच्या विद्यार्थ्याचा. सरांनी वाचलं, “सहा सेंटिमीटरचा रेषाखंड एबी काढा. कंपासमध्ये योग्य अंतर घेऊन ए आणि बी वरून कंस काढा.” मॅडमनी फळ्यावर सहाच्या जागी साठ सेंटिमीटरची रेघ ओढली आणि कंपास वीस सेंटिमीटर उघडला. एक कंस इकडे, एक तिकडे, मध्ये ही मोठी फट. “मला हेच योग्य वाटलं,” त्या म्हणाल्या. सगळे हसले, मीही हसले. अपेक्षाच्या कागदातही ‘योग्य अंतर’च होतं हे आठवून मी हळूच तो गठ्ठ्याच्या मध्ये सरकवला.

तेवढ्यात मॅडम माझ्या बाकाशी आल्या आणि त्यांनी गठ्ठ्याच्या तळाचा कागद ओढला. वरचे कागद सजवून ठेवलेले असतात, हे त्यांना माहीत असणार. तो त्यांनी कमलेश सरांच्या हातात दिला.

सर वाचू लागले. चिमी बोलते तसंच तिनं लिहिलं होतं.

“कंपास शालंच्या कपाटात हाय. म्हनून मी सुतली घेतली. एका टोकाला पेन्सिल बांधली, दुसरं टोक आंगठ्यानं दाबलं. तुमी कंपास घेतला तरी चालंल.”

शाळेला आलेल्या वीस कंपासपेट्या मीच कपाटात कुलुपात ठेवते. पोरं टोकं मोडतात, स्क्रू हरवतात, म्हणून फक्त तासाला देते. घरी करायला रचना दिल्या आणि पेट्या कपाटातच राहिल्या, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

सर वाचत होते. “सहा सेंटिमीटर रेघ काढा, टोकांना ए आनि बी नाव द्या. आता सुतली रेघंच्या अर्ध्यापेक्षा जास्त घ्या. मी चार घेतली. तीनपेक्षा कमी घेतली तर दोन कंस भेटत नाय. बरोबर तीन घेतली तर रेघंवरच टेकतात, त्याचा उपेग नाय.”

हिमानी मॅडमनी मान हलवली आणि कंपास चाळीसवर उघडला.

“ए वर टोक ठेवून रेघंच्या वर एक कंस काढा, खाली एक काढा. सुतली लांब-आखूड करू नका. तेवढीच ठेवून बी वरून पन वर-खाली काढा. वरचे दोन कंस कापतात तिथं पी, खालचे कापतात तिथं क्यू. पट्टीनं पी आनि क्यू जोडा. ती रेघ एबी ला कापते तिथं एम. एएम मोजा, तीन आला पायजे. नाय आला तर तुमची सुतली सरकली, पहिल्यापासून करा.”

फळ्यावर लंबदुभाजक उभा राहिला होता. कुणीतरी गुण्या लावून पाहिला, काटकोन बरोबर. दुसरी रचनाही मॅडमनी तशीच ऐकून फळ्यावर काढली. रेषेच्या वर एक बिंदू, नाव पी. “पी वरून सुतली येवढी लांब घ्या का ती रेघ ओलांडून खाली जाईल, मंग कंस रेघंला दोन ठिकानी कापतो. त्यांना एम आनि एन बोला. आता एम-एन च्या अर्ध्यापेक्षा जास्त सुतली घेऊन एम वरून रेघंच्या खाली कंस काढा, तेवढ्याच सुतलीनं एन वरून काढा. भेटतात तिथं क्यू. पी-क्यू जोडा.” लंब सरळ खाली उतरला.

“इतकं स्वच्छ मी शिक्षकांकडूनही ऐकलेलं नाही,” हिमानी मॅडम म्हणाल्या. “बघू, हिनं आकृती कशी काढलीय.” आणि त्यांनी कागद उलटा केला.

सगळ्यांनी पाहिलं. ‘नक्कल.’ शून्य.

“हे कुणी लिहिलं?”

आणि मी म्हणाले, “मी रजेवर होते. बदली शिक्षकांनी तपासलंय.”

किती सहज आलं तोंडातून! आमच्याकडे बदली शिक्षक नावालाही नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, कागद परत दिला आणि एवढंच म्हणाल्या, “मुलीला सांगा, फार छान लिहिलंय.” मी मान डोलावली. तिथून बाहेर पडेपर्यंत मी कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. मला माझीच किळस आली होती. पोरीला चोर ठरवलं ते रागाच्या भरात, असं तरी म्हणता आलं असतं. हे मात्र मी पूर्ण शुद्धीत केलं होतं.

रविवारी सकाळी बोईसरहून रिक्षा करून बेटेगावला गेले. भट्टीवर चिमीची आई हंसा कच्च्या विटा उन्हात मांडत होती. चिमी तिच्यामागे, हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले. मला पाहून ती आईच्या आड झाली.

हंसानं हात पदराला पुसले. बसा म्हणाली नाही. “बाई, माज्या पोरीनं चोरी केली का?”

“नाही केली.”

“मंग शालंत चोरटी कशाला बोललात? दोन दिस जेवली नाय ती.”

मी चिमीला म्हटलं, “माझी चूक झाली, चिमे. तुझा कागद बरोबर आहे. परत ये.”

ती आईमागून अर्धी पुढे आली. मग म्हणाली, “बाई, तुमी वर्गात बोललात. हितं सांगून काय?”

“वर्गात सांगीन. उद्याच.”

“सांगाल तर येन.”

परतताना रिक्षातूनच हिमानी मॅडमना फोन लावला. बदली शिक्षक कुणी नव्हतं, ते शून्य माझंच, असं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत.” मला बरं काही वाटलं नाही.

सोमवारी पहिलाच तास माझा. चिमीचा बाक रिकामा होता. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. मी घाईघाईनं सांगून टाकलं की चिमीनं नक्कल केली नव्हती, मीच न वाचता शून्य दिलं, चूक माझी. सांगितलं आणि लगेच फळ्याकडे वळले. सुटले म्हणायचं.

दहा मिनिटांनी दारात हंसा आणि तिच्यामागे दप्तर घेतलेली चिमी. मी म्हटलं, “ये, बस.”

विपुल जागेवरून उठला. “बाई, ती आता आली. परत सांगा ना.”

हंसा दाराची चौकट धरून उभी. मी खडू खाली ठेवला आणि परत सांगितलं. या वेळी चिमीकडे बघून, सावकाश, कपाटातल्या पेट्यांसकट. मग लाल शेरा खोडून, सगळ्यांना दिसेल असा तो कागद धरून, मोठ्यानं म्हणाले, “दहापैकी दहा.” आणि तो तिच्या हातात दिला. मनात म्हटलं, फिटलं.

चिमीनं कागद पुढच्या बाजूनं वाचायला घेतला. बोट ओळींवरून सरकत तिसऱ्या रचनेपाशी थांबलं.

“बाई, दहा नाय. कोनदुभाजकात माजी एक पायरी ऱ्हायली. बिंदू ओ वरून कंस काढला, दोन्ही बाजूंना डी आनि ई कापले, ते बरोबर. मंग डी वरून कंस काढला. पन ई वरून काढताना सुतली तेवढीच ठेवा, हे मी लिवलंच नाय. कुनी कमी-जास्त घेतली तर रेघ मधून जानार नाय.” तिनं कागद माझ्यापुढे केला. “नऊ द्या.”

मी कागद घेतला आणि तिसरी रचना पहिल्यांदाच वाचली.