मिरचीच्या गाडीवरची सही

अंबडच्या मसाल्याच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं मिरची पारखली. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, तर दुसऱ्याच महिन्यात विश्वेश साहेबांनी वर्षभराच्या करारावर सल्लागार म्हणून परत बोलावलं. मी चौथी पास. पण गोणीत हात घातला की माल ताजा की गेल्या सालचा, ते डोळे मिटून सांगते.

करार संपायला महिना उरला होता. मी भाचीच्या लग्नाला निफाडला तीन दिवस गेले. परत येते तो मिरचीची गाडी गेटवर तशीच उभी, ताडपत्रीखाली माल घामेजलेला.

"उतरवून का नाही घेतलीस गं?" लताबाईला विचारलं. बारा वर्षं माझ्या हाताखाली शिकलेली बाई.

"तुमची सही नव्हती, गोदामावशी."

"आणि तुझं नाक काय माहेरी गेलं होतं?"

ती ताडपत्रीची दोरी सोडायला लागली. राग तिचा आला, पण घरी येईस्तोवर तो माझ्याकडेच वळला.

आठवड्यानं विश्वेश साहेबांनी केबिनमध्ये बोलावून नव्या कराराचं पत्र पुढं सरकवलं. "मावशी, आणखी एक वर्ष. मानधनही वाढवलंय."

"लताबाईला सुपरवायझर कधी करणार?"

"तुम्ही आहात तोवर घाई कसली?"

"हेच ते, साहेब." मी पिशवीतून माझा कागद काढला. नात दिशाकडून लिहून घेतला होता, खाली सही मात्र माझी. लिहिलं होतं की कंपनीनं मान दिला, त्याबद्दल मनापासून आभार. करार पुढं वाढवायचा नाही. कधी अडलं तर फोन करा, घरी या. जमेल तेवढं सांगेन, त्याचे पैसे नकोत. मालावर सही मात्र माझी नसेल.

साहेबांनी चष्मा काढला. "घरी बसून करणार काय?"

"दोन सुना आहेत. त्यांना धाकात ठेवायला दिवस पुरत नाही."

ते हसले. "आणि एखादी गाडी अडली तर?"

"लताबाईची सही असेल, तर नाही अडायची."

महिना भरला तसा मी पारखणीचं टेबल सोडलं. लताबाईच्या हातात नेमणुकीचं पत्र पडलं. पंधराव्या दिवशी तिचा फोन.

"मावशी, गाडी आलीय. वरच्या गोणी झकास आहेत, पण मधली एक फोडली तर कुबट वास. जुना माल मिसळलाय."

"मग?"

"परत पाठवू का?"

"सही कोणाची?"

"माझी."

"मग मला कशाला विचारतेस?"

 फोन हातात तसाच ठेवून ती ओरडली, "ओ ड्रायव्हर, फिरवा गाडी! एक गोण उतरायची नाय!"

काय आवाज लावला होता! मी फोन कानाला धरून ऐकत बसले.

"कोणाचा फोन, आई?" थोरल्या सुनेनं विचारलं.

"कारखान्याचा," मी म्हटलं. "काही काम नव्हतं त्यांचं माझ्याकडे."