आठ दिवस हात लावायचा नाही

आमच्या सले गावातल्या हमामात, म्हणजे सगळ्यांच्या वाफेच्या न्हाणीघरात, बायकांची अंगं घासून देण्याचं काम मी तीस वर्षं करते आहे. हमामातल्या सगळ्यात गरम खोलीत गुडघ्यांवर बसायचं, हातात कीसा, म्हणजे घासायचा खरखरीत हातमोजा, चढवायचा, काळा साबण लावून बाईला वाफेत मुरू द्यायचं आणि मग घासायचं. मेल्या कातडीच्या करड्या वळ्या सुटायला लागल्या की बायका त्या उचलून बघतात, लाजतात आणि खूशही होतात. लल्ला झहोरच्या, म्हणजे माझ्या, हाताखालून गेलं की माणूस नवं होतं, असं म्हणतात. मलाही ते खरं वाटायचं.

माझी नुहैला चौदा वर्षांची असताना तिच्या गालांवर मुरमं उठली. मी म्हटलं, मळ साचलाय, दुसरं काय? दर गुरुवारी घासली. रडली तरी घासली. मुरमं गेली, पण त्यांच्या जागी तपकिरी डाग बसले. तेव्हापासून तिने मला तोंडाला हात लावू दिला नाही. आज ती चोवीस वर्षांची आहे, टपाल कचेरीत खिडकीवर बसते आणि लोकांशी बोलताना तळहात गालावर ठेवते. दहा वर्षं मी तो तळहात बघते आहे.

या हिवाळ्यात ती नदीपलीकडे रबात शहरात डॉक्टर सबतींकडे जाऊ लागली. चेहऱ्याला औषध लावून वरची कातडी गळवायची, त्याला पील म्हणतात. सहा आठवडे आधीपासून रोज रात्री एक मलम आणि रोज सकाळी सनस्क्रीन. पील करायच्या पाच दिवस आधी रात्रीचं मलम बंद. तिच्या ओठावर कधीमधी तापाचे फोड उठतात, म्हणून त्यांच्याही गोळ्या आधीपासून सुरू केल्या. पीलच्या दिवशी मी सोबत गेले.

"घरी काळजी कोण घेणार?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी. आई."

"मग नीट ऐका. कातडी तिसऱ्या दिवसापासून सुटेल. ती ओढायची नाही, सोलायची नाही, चोळायची नाही. आपोआप गळू द्यायची. खालची कातडी तयार व्हायच्या आत ओढली तर डाग पडेल, आणि तुमच्यासारख्या गव्हाळ रंगावर तो महिनोन्महिने हटत नाही. ऊन नाही, चुलीची धग नाही, आणि दोन आठवडे हमाम नाही."

"हमाम नाही?" मी म्हटलं. "मग पोरगी स्वच्छ कशी होणार?"

नुहैलाने कपाळावर हात मारला. "डॉक्टर, माझी आई हमामात घासायचं काम करते."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. माझ्या हातांकडे बघत म्हणाल्या, "मग तुम्हालाच सगळ्यात जड जाणार."

औषध लावलं तेव्हा पोरीचा चेहरा बघता बघता पांढरा झाला, हिवाने गवत होतं तसा. ती डोळे मिटून पडली होती. नर्सने छोटा पंखा धरला आणि मी तिचे पाय धरले. आग आग होतेय म्हणाली, मग काही मिनिटांनी शांत झाली.

घरी मी तिच्या खोलीच्या खिडकीवर जाड घोंगडी टांगली. आमच्या गावात भिंती पांढऱ्या, समुद्र जवळ, उजेड कुठूनही घुसतो. त्या आठवड्यात खोलीत दिवस असा नव्हताच, एक तपकिरी संध्याकाळच सकाळपासून पसरलेली असे. ती गार पाण्याने हलकेच तोंड धुवायची, टिपायची, बोटाच्या टोकाने पेट्रोलियम जेलीचा थर द्यायची आणि उताणी पडायची. मी हमामातून यायची, माझ्या कपड्यांना वाफेचा वास असायचा, आणि त्या अंधारात शिरलं की वाटायचं, एका हमामातून दुसऱ्यात आले. फक्त इथे पाण्याचा आवाज नव्हता. शुक्रवारचा कुसकुसही मी शेजारणीच्या घरी शिजवला, वाफ नको म्हणून.

माझ्याबरोबर काम करणारी तामो दारातून डोकावली. "अगं झहोर, हे काय पोरीचं? भाजलेल्या वांग्यासारखी दिसतेय! लिंबू चोळ, दोन दिवसांत लख्ख होईल."

"तुझ्या जिभेवर चोळ लिंबू," मी म्हटलं, "आणि चालू लाग."

नुहैला आतून म्हणाली, "यम्मा, हसवू नकोस गं, तोंड ताणतं."

तिसऱ्या दिवशी ओठांच्या कडेने कातडीला भेगा पडल्या. चौथ्या दिवशी दुपारी गालावरून एक पापुद्रा सुटून लोंबत होता, कडा कोरडी, किंचित वळलेली. नुहैला झोपली होती. मी तिच्या उशाशी बसले. बाहेर कोणीतरी पुदिना विकत ओरडत जात होता आणि तो आवाज लांब लांब जात राहिला. माझे डोळे मिटले. हमामाची खोली आली, घुमटातून उजेडाचे गोल पडत होते, माझ्या मांडीवर चार वर्षांची नुहैला होती, साबणाने निसरडी, खिदळणारी. मी तिच्या गालावरून अंगठा फिरवत होते. मळ सुटत होता, मऊ, लांब, आणि खाली पोर कोवळी, गुलाबी.

ती किंचाळली. माझ्या बोटांत पापुद्रा होता, बोटभर लांब. तिच्या गालावर लाल, ओला पट्टा उघडा पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पू नाही, जेली लावत राहा, कातडी धरली की मग सनस्क्रीन आणि टोपी. डाग पडेल का ते आता ऊनच ठरवेल, म्हणाल्या. आईच्या हातून झोपेत झालं, असं नुहैलाने त्यांना सांगितलं. मी मान खाली घातली.

आठव्या दिवशी सगळी कातडी गळाली. खाली माझ्या पोरीचं तोंड होतं, मुरमांच्या आधीचं वाटावं इतकं कोवळं. जुने डाग निम्म्याहून फिकटले होते. फक्त त्या पट्ट्याच्या जागी तीन आठवड्यांत एक नवा डाग उमटला, खजुराच्या बीएवढा, गडद. उन्हापासून जपलं आणि मलम लावलं तर सहा महिन्यांत जाईल, कदाचित वर्ष लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मला अन्न गोड लागेना. शेवटी एका सकाळी, ती कामाला निघायच्या आधी, मी बोलून टाकलं.

"नुहा, मी झोपेत नव्हते. आधी होते, पण नंतर जाग आली होती. पापुद्रा हातात आला तेव्हा मला कळलं होतं. तरी ओढला. राहवलंच नाही गं. दुसऱ्यांदा तुझं तोंड मीच बिघडवलं."

ती आरशासमोर उभी होती. वळली नाही.

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी पण जागी होते, यम्मा. तू अंगठा फिरवायला लागलीस तेव्हाच जागी झाले."

"मग थांबवलं का नाहीस? ओरडायचं होतंस!"

"दहा वर्षांनी तुझा हात लागला होता," ती म्हणाली. "बरं वाटत होतं. मग दुखलं, म्हणून ओरडले."

मी खाली बसले. रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही. ती माझ्यासमोर येऊन बसली, डोळे मिटले आणि सनस्क्रीनची ट्यूब माझ्या हातात दिली.

"लाव. पण घासू नकोस."

मी बोटाच्या टोकावर थोडं सनस्क्रीन घेतलं. मी ते डागापासून लावायला सुरुवात केली.