उलट्या पुठ्ठ्याचं पुस्तक

नरहरीने मेलेल्या थोरल्या भावाची पुस्तकं आगाशीच्या वाचनालयाला स्वतःच्या नावाने देऊन टाकली. वर सगुणाबाईंना म्हणाला, "वहिनी, तुम्हाला अक्षर लागत नाही, पुस्तकं हवीत कशाला?" ते बोल बाईंनी पदराला बांधून ठेवले.

वाचनालयातल्या नरहरीच्या सत्काराच्या दिवशी भरल्या सभेत बाईंनी नवऱ्याचा पुस्तकांच्या कपाटापुढचा फोटो ग्रंथपाल पीटरपुढे ठेवला. फोटो आडवा धरून, भिंगातून तो पुस्तकांच्या पाठींवरची उभी नावं वाचू लागला.

"ही सगळी आपल्याकडे आहेत खरी."

"बाजारात कोणालाही मिळतात," नरहरी हसला.

"पीटर, ते जाडं वाच," बाई म्हणाल्या.

त्यासाठी फोटो उलट बाजूला फिरवावा लागला. पाठीवर आडवं छापलेलं लेखकाचं बारीक नावही, फोटो सरळ धरला तर, खाली डोकं वर पाय.

"उलटं ठेवलंय, बाई."

"ठेवलं सरळच. बाइंडरने पुठ्ठा उलटा चिकटवला. तुमच्याकडचं काढून बघ."

पीटरने फळीवरचं काढलं. पाठीवरचं नाव सुलट धरलं, तर आतली पानं उलटी.

बाईंनी नरहरीच्या गळ्यातला हार उतरवून फोटोला घातला.

"भावजी, तुम्हाला अक्षर लागतं ना? मग दात्यांच्या पाटीवर ह्यांचं नाव तुमच्याच हाताने लिहा. सगळे बसलेत तोवरच."